घर लांब पडतं, सर

"आठच महिने झालेत. मग एवढ्यात का सोडताय?"

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, उत्तरही पाठ होतं. अंबरनाथ एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारी ती कंपनी. समोर तिथल्या लॅबचे प्रमुख बसले होते. मी बदलापुरातल्या तशाच एका कंपनीत केमिस्ट, ताप आल्याची थाप मारून आलेली. इथून तिथे एक फोन गेला असता, तर हातातलंही गेलं असतं.

पाठांतर दादाने करून घेतलं होतं. माझ्या या भावाने चार नोकऱ्या बदलल्यात, म्हणून घरात तोच तज्ज्ञ. "जुन्या कंपनीबद्दल वाईट बोललीस की मेलीस. सरळ सांग, घर लांब पडतं. कोण नाही म्हणणार?" तो स्वतः रोज ठाण्याला जातो. त्याच्यापुरतं ते खरंच होतं.

"घर लांब पडतं, सर."

सरांनी बायोडाटा पुन्हा वर उचलला. "राहता बेलवलीला, म्हणजे बदलापुरातच. कंपनीही बदलापुरात. आणि अंबरनाथ जवळ पडणार?"

एमएस्सी झालेली मी, पण एवढं साधं डोक्यात आलं नव्हतं!

"फोन करून विचारू का तिकडे?"

"नको सर, प्लीज. मीच सांगते."

आणि सांगून टाकलं. माल न्यायला ट्रक आला की आमचे सुपरवायझर म्हणायचे, रजिस्टरात मालातल्या ओलाव्याचा आकडा टाक, टेस्ट नंतर कर. ते 'नंतर' कधी यायचं नाही.

"तुम्ही टाकलात आकडा?"

नाही हा शब्द अगदी जिभेवर होता. खोटं एकदा पकडलं गेलं होतं, दुसऱ्यांदा धीर झाला नाही.

"एकदा. मागच्या बॅचचा उतरवला. सही माझी आहे. तेव्हापासून ट्रकचा हॉर्न वाजला की ती सहीच दिसते."

संपलं सगळं, असं मी मनाशी धरलं. सरांनी फाइल मिटली. "आमच्याकडे टेस्ट होईपर्यंत ट्रक थांबतो. नेमणुकीचं पत्र मेलवर येईल. नोटीस किती?"

"एक महिना."

पत्र आलं, मी राजीनामा दिला. आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच वाढली; अजून महिनाभर त्याच लॅबमध्ये काढायचा होता. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या दारात ट्रक लागला. सुपरवायझरनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "जाता जाता एवढी एक कर गं. टाक आकडा."

"टेस्ट करते सर. अर्धा तास लागेल."

सुपरवायझर माझ्या टेबलापाशीच उभे राहिले. मी सॅम्पल उचललं. नव्या नोकरीत रुजू व्हायला लागणारं माझं रिलीव्हिंग लेटर त्यांच्याच सहीने निघणार होतं.