हिरव्या खुणेशेजारचे आकडे

खारघरच्या एका रुग्णालयात मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. दर रविवारी सर्व्हरचा पूर्ण बॅकअप व्हायचा. सोमवारी त्याचा आकार आणि लागलेला वेळ रजिस्टरात लिहून सही करायची, असा नियम होता. मी पडद्यावरची हिरवी खूण बघायचो आणि मागच्या सोमवारच्याच आकड्यांत थोडा फरक करून उतरवायचो. तपासणी आली की राहिलेल्या ओळी एका बैठकीत भरायचो, पेनं बदलून.

ऐरोलीहून येणारी आमची एक सहकारी खरे आकडे स्वतःच्या वहीत लिहायची. एका सोमवारी तिने माझ्यासमोर आलेखाचा कागद ठेवला.

"सर, बॅकअप दर आठवड्याला आठ-नऊ जीबीने वाढायचा. गेले पाच रविवार अर्धा जीबीपण नाही. वेळही वाढायचा, तोही थांबलाय."

"फेल झालाय का?"

"नाही. पण एक्स-रे, सीटी तर रोज निघतायत. ते जातायत कुठे?"

"बॅकअपची पत्रिका मांडलीस की काय? मंगळ कुठे बसलाय तेही बघ!"

सगळे हसले. तीसुद्धा हसली, कारण मी साहेब होतो. कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला.

त्याच्या सहा आठवडे आधी जागा कमी पडली म्हणून मीच एक्स-रे, सीटीच्या नव्या प्रतिमा नव्या डिस्कवर वळवल्या होत्या. बॅकअपच्या यादीत ती डिस्क घालायला विसरलो. यादीत होतं तेवढं नीट उतरत होतं, म्हणून खूण हिरवी होती. यादी उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती.

तीन आठवड्यांनी ती डिस्क बिघडली, आतलं काहीच परत मिळालं नाही. तिच्यावर एका बाईंचा केमोआधीचा सीटी होता. गाठ किती कमी झाली ते डॉक्टरांना त्याच्याशी ताडून बघायचं होतं. तो पुन्हा काढता येणार नव्हता. उपचार सुरू झाले होते. त्यांचा नवरा माझ्या दारात उभा राहून विचारत होता, "पण तुमच्याकडे कॉपी असते ना?"

चौकशीत व्यवस्थापकांनी विचारलं, "बॅकअप कोण बघत होतं?"

मी तिच्याकडे बोट दाखवलं.

"सर, मी तुम्हाला कागद दिला होता," ती म्हणाली.

"कसला कागद?"

तिने माझ्याकडे बघितलं, अन्नात काहीतरी निघाल्यावर बघावं तसं. महिनाअखेरीस तिला राजीनामा द्यायला लावला. मला मात्र पुढे निवृत्त होताना निरोपसमारंभात शाल मिळाली.

गेल्या महिन्यात मी सगळं लिहून रुग्णालयाला पाठवलं, सोबत त्या कागदाची झेरॉक्स. तेच तिलाही, जुईनगरच्या नव्या पत्त्यावर. रुग्णालयाचं उत्तर नाही. तिचं दोन ओळींचं आलं.

"पत्र मिळालं. मूळ कागद माझा आहे, तो परत पाठवा."

आज पाकिटात घातला. कोपऱ्यावर माझ्या चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तो पुसला जात नाही.