दुपारचा भात

आई अंथरुणाला खिळल्यावर तिचं करायला आमच्याकडे एक मावशी येत. आरे-वाऱ्याकडून सकाळच्या एसटीनं यायच्या, आईची आंघोळ, स्वयंपाक उरकून दोनला निघायच्या. मी शाळेत शिकवायचे, त्यामुळे घर त्यांच्याच हातात होतं. निघण्याआधी उरलेला भात परातीत पसरून निववायच्या, मग डब्यात भरून फ्रीजमध्ये. कालवण लहान लहान डब्यांत. संध्याकाळी मी लागेल तेवढंच गरम करायचं.

ऑक्टोबरातल्या त्या दिवशी मी पेपर तपासायला घरीच होते. मावशींना म्हटलं, "आज लवकर जा."

"भात गरमच आहे, ताई. पसरून ठेवते, मग जाते."

"मी ठेवते. तुमची गाडी जाईल."

"इसरू नका हां," त्या म्हणाल्या.

मी विसरले. टोप झाकलेलाच ओट्यावर राहिला, साडेबारापासून सातपर्यंत. लक्षात आलं तेव्हा वास घेतला. काही वास नव्हता. चांगला वाफ येईपर्यंत गरम केला आणि आईला भरवला, आदल्या दिवशीच्या कोळंबीच्या कालवणाबरोबर. मला भाकरी होती. कालवण मीही तेच घेतलं.

नऊच्या सुमारास आईला उलट्या सुरू झाल्या. शेजाऱ्यांनी गाडी काढली. डॉक्टरांनी सलाइन लावून विचारलं, "जेवणात काय होतं? भात बाहेर राहिला होता का?"

"नाही," मी म्हणाले. "फ्रीजमध्येच होता."

"राहिला असेल तर गरम करून उपयोग नसतो. जंतूंनी त्यात सोडलेलं विष उकळूनही जात नाही," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून दादा आला. आई सावरली होती, पण त्याचा राग कमी झाला नव्हता. "शिळी कोळंबी घातली म्हाताऱ्या माणसाला? उद्यापासून ती बाई नको."

तीच कोळंबी माझ्या पोटात होती आणि मला काहीही झालं नव्हतं. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी चहा ओतत राहिले.

मावशींना दादानंच सांगितलं, दारातच. त्यांनी वाद घातला नाही. चपला घालताना फक्त माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, भात तुमी ठेवलात ना त्या दिवशी?"

मी म्हणाले, "दादा म्हणतोय तर आता राहू दे."

त्या पायऱ्या उतरून गेल्या.

आठवडाभरानं आई विचारायला लागली, ती का येत नाही. नव्या बाईच्या हातचं तिला जात नव्हतं. मी सांगितलं, त्यांना घराजवळच काम मिळालं.

"मला न सांगता गेली?" आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मावशींबद्दल तिचं मन शेवटपर्यंत कडूच राहिलं.