धुरकट ठिपके

आमरीननं खाम नदीच्या घाण पाण्यातून जिवाणू मारणारा विषाणू, म्हणजे फाज, हुडकला होता. वॉर्डात ती रोज विचारपूस करायची त्या दगडाबाईंच्या पायाची जखम कुठल्याच औषधाला दाद देत नव्हती. त्या जखमेतल्या जिवाणूंवर फाज सोडला, तर प्रयोगशाळेतल्या प्लेटवर जिवाणू मेल्याचे ठिपके उमटले; पण स्वच्छ नाहीत, मधोमध धुरकट. तिचा चेहरा पडला. धुरकट म्हणजे काही जिवाणू वाचले होते, आणि फाज त्यांना फोडायचं सोडून त्यांच्याच जनुकांत बिऱ्हाड करून बसला होता. असे जिवाणू पुन्हा त्या फाजाला भीक घालत नाहीत.

"सर, हा पेशंटला नको. नुसता फोडणाराच फाज शोधू."

"बरं, थांबू," दगडाबाईंवर उपचार करणारे विश्वजीत सर म्हणाले.

पुढं दगडाबाईंच्या जखमेचा नवा नमुना आला. आमरीननं तोच फाज टाकून पाहिला, तर एकही ठिपका नाही. फ्रीज उघडला, तर तिची फाजाची कुपी अर्धी रिकामी.

ती तडक वॉर्डात गेली. जखम आणखी चिघळली होती.

दगडाबाईंनी तिचा हात धरला. "मी नायच म्हणत व्हते, पोरी. सर म्हणाले, ह्ये औषध आमरीननं सोताच्या हातानं केलंय. मग म्हणलं, लावा."