आतला आवाज आणि आभाराची पोस्ट

नाटक अर्ध्या तासाचं असतं, त्याचे किस्से मात्र वर्षभर पुरतात. लग्न होऊन भिवंडीत आले आणि नवऱ्यासोबत त्याचं हौशी नाट्यमंडळही पदरात पडलं. तेव्हापासून ऐकतेच आहे. पण आमचे सगळ्यात चांगले किस्से नाटकाचे नाहीतच. ते आहेत बक्षीस मिळाल्यावर ब्लॉगवर टाकलेल्या आभाराच्या पोस्टचे!

आधी नाटकाचं सांगते. स्पर्धा तोंडावर आली आणि नायिका पोटुशी म्हणून सासरच्यांनी तिला घरी बसवलं. माझा नवरा निलेश दिग्दर्शक. मी म्हटलं, "मी करते." सासूबाई म्हणाल्या, "नवी सून ष्टेजवर? कोनगावला आपली भावकी हाय, तोंड दाखवायचंय मला!"

मग मी शेवट बदलून लिहिला. नायिका दिसतच नाही, स्वयंपाकघरातून नुसता तिचा आवाज येतो. तो आवाज मीच दिला. आईंना सांगितलं, मी चहा-डबे सांभाळायला जाते.

पहिला नंबर आला. परीक्षक म्हणाले, "न दिसणाऱ्या बाईनं नाटक खाल्लं!"

*

मंडळात मराठी टायपिंग येणारी मी एकटी. म्हणून पोस्ट माझ्याकडे आली. निलेश नावं सांगायला बसला. काका, मामा, लाइटवाला, मेकअपवाला, टेम्पोवाला, टेम्पोवाल्याचा मेहुणा...

"मेहुण्यानं काय केलं?"

"टेम्पो मागे घेताना 'आन दे, आन दे' म्हणाला!"

'ज्ञात-अज्ञात हितचिंतक' येईपर्यंत माझा चहा गार झाला होता.

मी म्हटलं, "असं नको. नावं मोजू नकोस, कामं सांग. जागा देणारे, सामान देणारे, डोक्याला ताप सहन करणारे, प्रत्येकाला एक वाक्य. नाव फक्त त्याचं, ज्याच्यावाचून नाटक अडलं असतं. बाकीच्यांना स्वतः फोन कर."

"कुठं शिकलीस हे?"

"आपल्या लग्नपत्रिकेत. सगळी नावं कोणीच वाचली नाहीत. जो तो आपलं आहे का तेवढंच बघत होता."

*

ज्यांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात आमच्या तालमी चालत, त्या सलीमभाईंना विचारलं, तुमचं नाव कसं टाकू?

"नाम रहने दो भाभी. लिखो, हर शुक्रवार को लूम चुप रहे, तब नाटक बोला."

अख्ख्या पोस्टमधलं सगळ्यात चांगलं वाक्य. अर्थात नावही टाकलंच. ते नसते तर तालीम कुठे केली असती?

*

अर्धी पोस्ट मंडळाला आधी मेलवर दाखवली होती. नगरसेवकांचा माणूस मात्र तिची सायबर कॅफेतून प्रिंट काढून घेऊनच आला. "वहिनी, सायबांचं नाव कुठाय?"

"हे काय, 'बॅनर देणाऱ्यांचे आभार'."

"पन नाव?"

"बॅनरवर होतं की. फोटोही होता. नाटकाचंच नाव बसलं नव्हतं!"

तो हसला नाही. नाव घालावं लागलं. पुढच्या वर्षी हॉल लागणार होता.

*

आता राहिली दोन वाक्यं. एक मी लिहिलं होतं: 'शेवट लिहिणारी आणि आतला आवाज देणारी, माझी पत्नी.' माझ्याच नियमात मी चोख बसत होते.

निलेशनं ते वाचलं. मान खाजवली. "अगं, घरच्यांचे आभार मानतात का? परकं वाटतं."

"बरं."

"आणि आईला कळलं तर...?"

"बरं."

मग त्यानं दुसरं वाक्य सांगितलं. मी टाइप केलं: 'आईच्या भक्कम पाठिंब्याशिवाय हे नाटक उभंच राहिलं नसतं.'

"आई घरची नाही का रे?"

"आईचं वेगळं असतं गं!"

संध्याकाळी त्यानं आईंना पोस्ट वाचून दाखवली. त्यांनी शेजारणीला बोलावून ती परत वाचायला लावली.

*

पोस्टखाली बऱ्याच जणांनी 'अभिनंदन' लिहिलं. एकानं विचारलं, 'आतला आवाज कोणाचा? नाव कसं नाही?'

निलेशनं स्वतः, एका बोटानं टाइप करून उत्तर दिलं: 'मंडळाच्या एक हितचिंतक.'

मंडळाचे सगळे आता मला हाक मारतात, "हितचिंतक, चहा!" मीही हसते.

*

पुढे सत्काराच्या कार्यक्रमात भिवंडीतच प्रयोग झाला. आई पहिल्या रांगेत, भावकीसकट. मी नेहमीप्रमाणे आत, डब्यांपाशी.

घरी आलो. आई पदरानं डोळे पुसतच बसल्या. म्हणाल्या, "ती आतली बाई काय बोलली रे! काळीज हाललं माझं. माझं नाव टाकलंस तुझ्या त्या पोस्टमधी आनि तिचं न्हाय? असं करतात का रे?"

निलेश मोजे काढत होता. काढतच राहिला.

आई माझ्याकडे वळल्या. "तू तर आतच व्हतीस, तुला ठावं असंल. कोनाची सून गं ती?"