साहेबांच्या तोंडाची हमी

कंपनी सोडण्याच्या कराराचा फोटो मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "सन्मानाने निरोप!" सन्मान म्हणजे काय, तर अंधेरीच्या ऑफिसात वीस वर्षं घासल्यावर साहेबांनी माझा विभागच बंद केला होता. करार पाच पानांचा. मी पहिलं पान वाचलं आणि शेवटचं, कारण सही तिथे करायची होती.

दहा मिनिटांत मेहुणीचा फोन. ती भांडुपला राहते आणि नोकरदारांच्या केसेस लढवते.

"भाऊजी, सही केलीत?"

"उद्या करतोय."

"मग वाचलात. आधी तो फोटो काढा. असा करार आहे हेसुद्धा कुणाला सांगायचं नाही, असं त्यात असणार. चौथं पान वाचा, मोठ्याने."

फोटो काढला. तोवर पुतण्याने "झकास काका!" टाकून झालं होतं.

चौथ्या पानावर मी जन्मभर गप्प बसायचं होतं. कंपनीबद्दल वाईट बोललो तर निरोपाचे मिळालेले पैसे, सगळं परत.

"आणि तुमच्याबद्दल कंपनीने काय बोलायचं नाही?"

शोधलं. एक ओळ नव्हती. मुलुंडच्या एका ऑफिसात माझं जवळजवळ ठरलं होतं आणि ते चौकशीला साहेबांनाच फोन करणार होते. "माणूस चांगला, जरा हळू आहे," हे साहेब इतकं प्रेमाने सांगतात की समोरचा घाबरतोच.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या मुलीने पेन पुढे केलं. "सर, स्टँडर्ड फॉरमॅट आहे. सगळे करतात."

"सगळ्यांना मेहुणी नसते," म्हणत मी मेहुणीने लिहून दिलेला मागण्यांचा कागद वाचून दाखवला. बायको, वकील आणि सीए यांना करार दाखवता यावा. कोर्टात किंवा सरकारी अधिकाऱ्यापुढे खरं बोलायला आडकाठी नसावी. गप्प बसण्याला मुदत असावी. आणि कंपनीनेही माझी निंदा करू नये.

"सर, दोन हजार लोकांच्या तोंडाची हमी कंपनी कशी देणार?"

"साहेबांच्या तोंडाची द्या. आणि तुमच्या विभागाच्या."

ती तो कागद घेऊन साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये गेली. आतून साहेब माझ्याकडे पाहून हसले, मग कागदाकडे पाहून हसायचे थांबले. तासाभराने नवी प्रत आली. "सगळं परत" काही हललं नाही, पण बायकोला दाखवायची मुभा मिळाली, मुदत दोन वर्षांची झाली, आणि चौकशी आली तर फक्त पद आणि नोकरीचा काळ सांगायचा, असं साहेबांच्या नावानिशी आलं. पाचही पानं वाचून सही केली.

पुढच्या आठवड्यात मुलुंडची नोकरी पक्की झाली. संध्याकाळी मी बायकोला बजावलं, "तुला करार दाखवायची परवानगी आहे. पण साहेबांना नावं ठेवणं आता बंद. घरातसुद्धा."

"तुम्ही बसा की गप्प," ती म्हणाली. "वीस वर्षं ऐकून मला पाठ झालंय सगळं. आणि माझी कुठे कुणी सही घेतलीय?"