पिवळ्या फ्रॉकचा खिसा

कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमच्या कामाच्या खोलीच्या जिन्याखाली शिलाईचं मशीन घेऊन बसणाऱ्या चाचीचं नाव आधी घेते. नाव म्हणजे चाचीच. आख्खी गल्ली तिला तेवढंच म्हणायची. तिनं त्या दुपारी वर येऊन चित्रं पाहिली नसती, तर मी चंदगडच्या एस.टी.त बसून परत गेले असते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाळा सातवीत सुटलेली, बोटांना मात्र वळण होतं. कोल्हापुरात एक चित्रकार मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते ट्रेसिंग पेपरवर रेखाटन करून देत, मी ते चांगल्या कागदावर उतरवून पोस्टर कलर भरायची. माझ्याआधी एक बाई हे काम करायची. दोन पानांवर मुलीची रिबीन लाल झाली, तिसऱ्यावर गुलाबी, आणि ती बाई घरी गेली. हे मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

तेव्हा हाती असलेल्या पुस्तकातली मुलगी चोवीस पानं एकाच फ्रॉकमध्ये होती. पिवळा फ्रॉक, डाव्या बाजूला लाल खिसा. सरांनी तिचा एक नमुना काढून भिंतीला लावला होता: समोरून, बाजूनं, पाठमोरी. पिवळा रंगही एकदाच कालवून बाटलीत भरला होता, कारण दुसऱ्यांदा कालवलेला ओला असताना जुळतो आणि वाळला की वेगळा दिसतो.

सर म्हणाले होते, "ती दुसरीकडं तोंड करून चालली की ट्रेसिंग उलटं करायचं. पर खिसा बघायचा. कळलं न्हवं?"

मी मान हलवली. कळलं नव्हतं. विचारायची भीती वाटली.

सर तीन दिवस सांगलीला गेले. सोमवारी सगळी पानं मुंबईला छापखान्यात जायची होती. शनिवारी शेवटचं पान वाळलं आणि मी सगळी पानं ओळीनं जमिनीवर मांडली. काहीतरी बिनसलं होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती, पण ओळखीची वाटत नव्हती. मी रिबिनी मोजल्या, वेण्या मोजल्या, फ्रॉकच्या बटव्यासारख्या चुण्या पाहिल्या. सगळं बरोबर. खाली मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला की मला वाटायचं, सर आले.

चाची पाण्याची कळशी ठेवायला वर आली. उंबऱ्यातच थांबली.

"पोरी, जुळ्या हाईत व्हय गं ह्या?"

"एकच हाय की चाची."

"मग हिचा खिसा हिकडं, आन् तिचा तिकडं कसा? माझ्याकडनं आसलं गेलं आसतं तर गिऱ्हाइकानं फ्रॉक तोंडावर मारला आसता."

नऊ पानं. ट्रेसिंग उलटं केल्यावर खिसाही उलटला होता, उजवीकडे गेला होता. मी बसलेच. खिसा पिवळ्यानं झाकावा म्हटलं तर बाटलीच्या तळाशी फक्त सुकलेली खपली उरली होती. नवीन कालवलं की तिथं डाग दिसणार. सगळे फ्रॉक पुन्हा रंगवायला दोन दिवस पुरणार नाहीत.

"रडतीस कशाला, बया? पिवळं न्हाय, तर लाल हाय न्हवं?"

"लाल हाय. भरपूर हाय."

"मग खिसा काढू नगंस. दुसऱ्या अंगाला बी एक लाव. दोन खिशांचा फ्रॉक काय कुणी घालत न्हाय?"

दोन खिसे असले, तर कागद कसाही उलटा, फ्रॉक तोच. मुलगी समोरून दिसते त्या प्रत्येक पानावर एकेक लाल चौकोन वाढवायचा, एवढंच. पण एका खिशाचं मुखपृष्ठ आधीच मुंबईला गेलं होतं. त्यावर मुलीनं उजव्या काखेत कोंबडी धरली होती. दुसरा खिसा असता तरी कोंबडीआड गेला असता. हे आठवलं आणि मी लाल रंगाची बाटली उघडली.

रविवारी रंगवून झालं, पण खरी भीती पुढे होती. भिंतीवरच्या नमुन्यात खिसा एकच होता. तो मी बदलायला धजले नाही. सोमवारी सर आले, चप्पल काढायच्या आधीच पानांवर नजर गेली. मी सगळं सांगितलं, मान हलवली होती तेही. ते एकेक पान खिडकीशी नेऊन तिरकं धरत होते. मी मनात पिशवी भरत होते.

मग त्यांनी लाल रंगात ब्रश बुडवला आणि भिंतीवरच्या मुलीला दुसरा खिसा काढला.

"ही डोकॅलिटी तुझी न्हाय."

"न्हाय सर. खालच्या चाचीची."

"तरीच. पुढच्या टायमाला न कळता मान हलवलीस तर चंदगडचं तिकीट मीच काढीन."

मी राहिले. पुढे कित्येक वर्षं तेच काम केलं, आणि आजही कुणी माझ्या हातून पान घेऊन उजेडाला धरलं की मला दरदरून घाम फुटतो. पुस्तक छापून यायच्या आधीच चाची मुरगूडला लेकीकडे कायमची गेली; मशीन महिनाभर बंद दिसलं तेव्हा मला कळलं. छापलेलं पुस्तक तिनं पाहिलंच नाही. आता तिची नजर कितपत राहिली असेल कोण जाणे. पण एक दिवस मुरगूडला जाईन, तिच्याजवळ बसून पानापानाला तो फ्रॉक कसा दिसतो ते सांगीन आणि तिच्या नातवंडांना चित्र काढायला शिकवीन. चाची, तुझं एवढं माझ्याकडून येणं आहे. ते मी देईन.