सूर्य का फुटत नाही

पनवेलच्या एका कॉलेजात मी चार वर्षं तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवत होते. तिथल्याच कायम जागेसाठी निवड समितीसमोर पंधरा मिनिटांचा पाठ द्यायचा होता. आमच्या कोन गावाहून बाबा मला स्कूटरवर सोडायला आले. मी फाटकाशीच रेंगाळतेय हे बघून म्हणाले, "घाबरतेस कशाला गो? आमी हाय ना भायेर."

मी 'तारे' हा विषय घेतला होता. फळ्यावर सूर्य काढला. गाभ्यात फ्युजननं, म्हणजे अणुकेंद्रं जुळून, हायड्रोजनचं हेलियम होतं, उष्ण वायूचा दाब बाहेर ढकलतो आणि गुरुत्वाकर्षण कुकरच्या झाकणासारखं तो दाबून ठेवतं, असं दरवर्षीचं वाक्य मी म्हटलं.

समितीतले निवृत्त प्राध्यापक पुढे वाकले. "कुकरची शिट्टी अडकली तर?"

"फुटेल, सर."

"मग सूर्य? गाभा जरा जास्त तापला, फ्युजन वाढलं, त्यानं आणखी तापला. का फुटत नाही?"

उत्तर मला माहीत नव्हतं. नोकरी गेली, असं वाटलंच; पण जास्त टोचली ती दुसरीच गोष्ट. चार वर्षं मी चुकीचं शिकवलं होतं. खडू हातातून निसटला. तो उचलायला वाकले, तेव्हा विचार करायला दोन क्षण मिळाले.

"गाभा तापला की दाब वाढेल," मी अडखळत म्हणाले. "वरचे थर उचलले जातील. गाभा फुगेल."

"म्हणजे झाकण हललं."

"हो सर, हे घट्ट झाकण नाहीच. फुगताना वरचं वजन उचलण्यात ऊर्जा खर्च होईल, गाभा थंड होईल. मग फ्युजन मंदावेल."

"आणि फारच मंदावलं तर?"

"गुरुत्वाकर्षण गाभा आवळेल, तो पुन्हा तापेल."

"असं सगळीकडे होतं?"

मी सूर्याशेजारी एक लहानसा तारा काढला. "नाही सर. श्वेत बटूत, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्यात, दाब तापमानावर जवळजवळ अवलंबून नसतो. तिथे तापलं तरी फुगत नाही, त्यामुळे फ्युजन पेटलं तर भडकतच जातं. तो तारा फुटू शकतो."

त्यांनी फक्त मान हलवली. बाहेर आले तर बाबा उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, "नाय जमलं."

दुसऱ्या दिवशी वर्गात जाताना कालच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. दार लावून घेतलं आणि सांगितलं, "कुकरचं उदाहरण खोडा. मी चुकले होते." साठ मुलांनी वह्या उघडल्या. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?"

मी फळ्यावर नवीन सूर्य काढायला घेतला.

महिन्याभरानं नेमणुकीचं पत्र आलं. आता मी प्रत्येक धडा शिकवण्याआधी स्वतःलाच विचारते, हे असं का? आणि उत्तर आलं नाही की आजही घाम फुटतो.